दीडशे शब्दांच्या पत्राला गुण कसे मिळतात?

कॅनडाच्या पीआरची तयारी चाललेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. लिसनिंगला साडेआठ आले, रीडिंगला आठ, स्पीकिंगला साडेसात, आणि रायटिंगला मात्र साडेसहा. एक्स्प्रेस एन्ट्रीत ज्याला ‘सीएलबी 9’ म्हणतात, त्या पातळीसाठी रायटिंगला 7 बँड लागतात. साडेसहा म्हणजे सीएलबी 8. अर्ध्या बँडचा फरक असतो, पण शिक्षण आणि अनुभव यांच्या जोडीने मिळणारे जादा गुण सीएलबी 9 ला वाढतात, म्हणून तो अर्धा बँड घरभर चर्चेचा विषय होतो.

मग विद्यार्थी निबंधाच्या मागे लागतो. ते चूक नाही, कारण निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट असतं. आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात रायटिंगसाठी एक तास मिळतो. पहिला प्रश्न पत्राचा, किमान दीडशे शब्दांचा. त्याला वीस मिनिटं द्यावीत असं सुचवलेलं असतं. दुसरा प्रश्न निबंधाचा, किमान अडीचशे शब्दांचा. पत्राला कुणी फारसं घाबरत नाही. शाळेत आपण मुख्याध्यापकांना रजेचे अर्ज लिहिलेले असतात, त्यामुळे पत्र म्हणजे घरचंच काम वाटतं. मी या परीक्षेच्या शिकवण्या घेते, आणि माझं मत असं की पत्रात जाणारे गुण इंग्रजीमुळे कमी आणि या घरच्या कामाच्या समजुतीमुळे जास्त जातात.

पत्र तपासताना परीक्षक चार वेगवेगळे बँड देतो: प्रश्नात मागितलेलं काम किती पार पडलं, मजकुराची सलगता, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही गोष्टींचं वजन सारखं. यातल्या पहिल्या आकड्याला ‘टास्क अचीव्हमेंट’ म्हणतात. निबंधातही याच जागी एक निकष असतो, पण पत्रात तो तीन प्रश्नांवर उभा असतो. पत्र कशासाठी लिहिलंय हे स्पष्ट आहे का? ज्याला लिहिलंय त्याला शोभेल असा सूर आहे का आणि तो शेवटपर्यंत टिकलाय का? आणि प्रश्नात दिलेले तीनही मुद्दे आले आहेत का, आले असतील तर पुरेसे भरले आहेत का? कोणत्या बँडला काय अपेक्षित आहे याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलेला आहे. तो कुणालाही वाचता येतो; वाचणारे मात्र थोडे.

तक्त्यातल्या वरच्या पायऱ्यांवरचा फरक सूक्ष्म असतो, पण 4 आणि 5 यांच्यामधली रेघ ठसठशीत आहे. तीनपैकी एखादा मुद्दा पत्रात आलाच नसेल, तर ते वर्णन 4 च्या पायरीवर बसतं. तीनही आले, पण एखादा नुसता उल्लेखून सोडला असेल तर 5. तीनही पुरेसे मांडले, हेतू बहुतांशी कळतो, सुरात किरकोळ चढउतार आहेत, तर 6. हेतू स्पष्ट, सूर योग्य आणि एकसारखा, मुद्दे ठळक, पण आणखी थोडे फुलवता आले असते, तर 7. त्यावरच्या पायऱ्यांवर मुद्दे नेमक्या तपशिलांनी भरलेले असतात. म्हणजे इंग्रजी कितीही सफाईदार असो, एक मुद्दा विसरला की पहिला आकडा खाली घसरतो आणि सुंदर वाक्यरचना त्याला वर ओढू शकत नाही.

हे एका उदाहरणावर पाहू. प्रश्न मीच रचला आहे, पण घाट परीक्षेतलाच आहे. तुम्ही एका कॉलेजच्या संध्याकाळच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलंय आणि फी भरली आहे. आता पुढे तुम्हाला वर्गाला जाता येणार नाही. वर्गाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहा. पत्रात तीन गोष्टी सांगा: तुम्ही कोणत्या वर्गाला जाता आणि त्यात काय आवडलं, पुढे का येता येणार नाही, आणि व्यवस्थापकाने काय करावं असं तुम्हाला वाटतं. पत्ता लिहायची गरज नाही, असं प्रश्नातच छापलेलं असतं. सुरुवात कशी करायची तेही दिलेलं असतं: ‘डिअर सर ऑर मॅडम’.

आता माझ्याकडे येणाऱ्या पत्रांसारखंच एक पत्र घ्या. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’. मग, ‘वुइथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू इन्फॉर्म यू’ की मी आपल्या नामांकित कॉलेजात फोटोग्राफीच्या वर्गाला येतो. पुढच्या परिच्छेदात कंपनीची हकिगत. नवा प्रोजेक्ट आला, टीम लीड बदलला, त्याने सगळ्यांची शिफ्ट संध्याकाळची केली, मी विनंती केली, त्याने ऐकलं नाही, घरी लहान मूल आहे, बायकोही नोकरी करते, पाळणाघर सातला बंद होतं. यात सत्तर-ऐंशी शब्द संपतात. मग एक ओळ: त्यामुळे मला वर्गाला येता येत नाही. आणि शेवटी, ‘आय वॉन्ट यू टू रिफंड माय मनी इमिजिएटली. काइंडली डू द नीडफुल.’ खाली ‘थँकिंग यू, युवर्स ओबीडियंटली’.

व्याकरण तपासलं तर या पत्रात लाल खुणा थोड्याच होतील. म्हणूनच पालक आणि विद्यार्थी म्हणतात, ‘मॅडम, चूक तर एकही नाही!’ चूक शोधायची जागा दुसरी आहे.

आधी हेतू बघू. हे पत्र कशासाठी आहे? पैसे परत मागण्यासाठी. पण ते व्यवस्थापकाला कळतं शेवटून दुसऱ्या ओळीत. तोवर त्याला वाटू शकतं की हा माणूस टीम लीडबद्दल तक्रार करतोय, किंवा गैरहजेरीची माफी मागतोय. हेतू मधूनमधून धूसर होतो, असं वर्णन 5 च्या पायरीवर आहे.

मग मुद्दे. पहिल्या मुद्द्याचे दोन भाग होते: कोणता वर्ग, आणि काय आवडलं. दुसरा भाग पत्रात नाहीच. परीक्षेतले मुद्दे असे जोडून येतात आणि त्यातला ‘आणि’ नजरेतून सुटतो. मुद्दा अर्धा आलाय, म्हणून पूर्ण वगळल्याइतकी शिक्षा होणार नाही, पण अपुरा मांडलाय हे नक्की. दुसऱ्या मुद्द्यात उलट गर्दी झाली आहे. पाळणाघर किती वाजता बंद होतं हे फोटोग्राफीच्या व्यवस्थापकाला ठाऊक असायची काय गरज? तपशिलात अडकून मुद्दा हरवणं, हेही त्याच पायरीचं लक्षण म्हणून तक्त्यात नोंदलेलं आहे. तिसरा मुद्दा एका वाक्यात उरकला: पैसे परत करा. किती, कोणत्या आठवड्यांचे, कसे, काही नाही.

आणि सूर. इथे आपल्या शाळेतल्या अर्जाची सावली स्पष्ट दिसते. सुरुवात इतकी लवून की जणू सरकारदरबारी अर्ज चाललाय, आणि शेवट हुकूम सोडल्यासारखा. व्यवस्थापक हा काही आपला वरिष्ठ नाही आणि नोकरही नाही. तो एक अनोळखी माणूस आहे, ज्याच्याकडून आपल्याला एक काम करून घ्यायचंय. त्याच्याशी बोलताना ‘बेग’ही नको आणि ‘इमिजिएटली’ही नको. ‘ओबीडियंटली’ तर आजच्या इंग्रजी पत्रव्यवहारातून जवळजवळ गेलेलंच आहे, आपल्या अर्जांत मात्र ते टिकून आहे. ‘डू द नीडफुल’ भारतात सगळीकडे चालतं, पण इथे त्याचं दुखणं निराळंच आहे: नेमकं काय करायचं, हे सांगण्याची जबाबदारी ते टाळतं. तिसरा मुद्दा नेमकी तीच गोष्ट विचारत होता.

या पत्राला पहिल्या निकषावर मी 5 देईन. बाकी तीन निकषांवर समजा 7 मिळाले. चारांची सरासरी साडेसहा.

आता तेच पत्र, त्याच माणसाचं, थोडं वेगळं. पहिल्याच वाक्यात तो सांगतो की मंगळवारच्या संध्याकाळच्या फोटोग्राफी वर्गाला मला यापुढे येता येणार नाही, आणि शनिवारच्या बॅचला जागा मिळेल का हे विचारण्यासाठी मी लिहितोय. हेतू ठरला, पुढचं सगळं या वाक्याला धरून चालेल. दुसऱ्या परिच्छेदात तो म्हणतो की गेले चार आठवडे वर्ग फार आवडला. विशेषतः शिक्षक आम्हाला दिवेलागणीला बाजारात घेऊन गेले आणि कॅमेऱ्याचा ऑटोमॅटिक मोड बंद ठेवून फोटो काढायला लावले, तेव्हा मला पहिल्यांदा उजेडाचा हिशोब कळला. तिसऱ्या परिच्छेदात कारण: पुढच्या सोमवारपासून माझी शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा अशी झाली आहे, निदान तीन महिने तशीच राहील, त्यामुळे कोणत्याच कामाच्या दिवशी संध्याकाळी येणं शक्य नाही. टीम लीड नाही, पाळणाघर नाही. चौथ्यात मागणी: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ मला शनिवारच्या बॅचमध्ये घेतलंत तर. तिथे जागा नसेल, तर उरलेल्या सहा आठवड्यांची फी परत मिळू शकेल का? पावतीची प्रत लगेच पाठवतो. मग उत्तराची वाट पाहतोय अशी एक ओळ आणि ‘युवर्स फेथफुली’.

या पत्रातली इंग्रजी पहिल्यापेक्षा अवघड नाही. शब्दही साधेच आहेत. पण पहिल्या निकषावर याला 7 सहज, आणि माझ्या वाचनात 8 च्या जवळ. बाजारातल्या त्या संध्याकाळीचा तपशील इथे कामाचा आहे, कारण तो ‘काय आवडलं’ याचं थेट उत्तर देतो. पाळणाघराचा तपशील तितकाच खरा असूनही निरुपयोगी होता. मुद्दा भरायचा म्हणजे लांबवायचा नाही. विचारलेल्या प्रश्नाला एखादी अशी गोष्ट जोडायची, जी तुमच्याच बाबतीत खरी असू शकेल. हा तपशील रचलेला असला तरी हरकत नसते. परीक्षक तुमची पावती मागत नाही, तो फक्त पत्र खरं वाटतंय का ते पाहतो. तीनही मुद्द्यांना सारखी जागा मिळायला हवी असंही नाही. इथे कारणाला दोनच वाक्यं पुरली आणि मागणीला तीन लागली, कारण मागणी हाच पत्राचा गाभा आहे.

सुराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. विद्यार्थ्यांना शिकवलेलं असतं की पत्राचे दोन प्रकार, औपचारिक आणि अनौपचारिक, आणि ते शेवटच्या ओळीवरून ठरतात. ‘डिअर सर ऑर मॅडम’ला ‘युवर्स फेथफुली’, आडनावाने सुरू केलं तर ‘युवर्स सिन्सिअरली’, मित्राला ‘बेस्ट विशेस’. हे पाठ असावं, पण हा सूर नव्हे, ही फक्त चौकट झाली. खरी अडचण मधल्या माणसांची असते: घरमालक, शेजारी, ऑफिसातली आपली मॅनेजर, मुलाची शिक्षिका. यांना आपण ओळखतो, पण खांद्यावर हात टाकत नाही. घरमालकाला लिहिताना गळक्या नळाची तक्रार करायची असते आणि पुढचं वर्षभर त्याच्याच घरात राहायचंही असतं. तिथे मित्राचा सूर उद्धट वाटतो आणि अनोळखी ऑफिसचा सूर कोर्टाच्या नोटिशीसारखा.

मित्राच्या पत्रात नेमकी उलटी चूक होते. बालमित्राला घरी राहायला बोलवायचं असतं, आणि पत्र सुरू होतं, ‘आय ॲम रायटिंग धिस लेटर टू इन्फॉर्म यू’. असं आपण मित्राला मराठीत तरी लिहू का? व्हॉट्सॲपवर ‘अरे, ये ना इकडे’ म्हणतो तो मुलगा परीक्षेत मात्र मित्राला परिपत्रक पाठवतो. पाठ केलेल्या वाक्यांचा हा तोटा आहे. वाक्य बिनचूक असतं, पण माणूस चुकलेला असतो. परीक्षकाच्या दृष्टीने सूर एका ओळीत तपासायचा नसतो. तो सुरुवातीपासून सहीपर्यंत टिकला का, हे बघायचं असतं. अनोळखी कंपनीला लिहिलेल्या नेमस्त पत्रात मध्येच ‘यू गाइज’ आलं, की तडा तिथेच दिसतो.

तक्रारीच्या पत्राबद्दल एक शंका हमखास येते: राग दाखवायचा की नाही? दाखवावा, पण मोजून. खराब वस्तू मिळालेल्या माणसाने ‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ म्हणणं साहजिक आहे. तोच माणूस दुकानदाराची माफी मागत असेल, तर सूर तितकाच चुकलेला आहे. सूर योग्य असणं म्हणजे नम्र असणं, हे समीकरण आपल्याकडे फार पक्कं बसलंय.

एक गोष्ट शिक्षक सांगायला विसरतात. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून पत्र फुगवलं, तर उतरवलेला भाग परीक्षक विचारात घेत नाही. ‘तुम्ही एका वर्गात नाव घातलंय’ हे प्रश्नातलं वाक्य ‘मी’ लावून लिहिलं, की दीडशे शब्दांतले वीस-पंचवीस खरे तर तुमचे राहत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत खाली शब्दसंख्या दिसते आणि ती 152 पाहून मूल निश्चिंत होतं. 170-180 च्या आसपास पोहोचावं. तीनशेपर्यंत जाण्यात अर्थ नाही, ती वेळ निबंधाची असते. पत्राला विषयाची ओळ दिली म्हणून गुण वाढत नाहीत, आणि मुद्दे तारका मारून यादीसारखे लिहिले तर पत्राचा घाटच बिघडतो.

कॅनडासाठी सेलपिप ही दुसरी परीक्षाही चालते. तिथे पत्राऐवजी ईमेल असतो, 150 ते 200 शब्दांचा, सत्तावीस मिनिटांत. तिथली गुणपद्धत निराळी आहे, पण काम पूर्ण झालं का आणि सूर साजेसा आहे का, हे प्रश्न तिथेही सुटत नाहीत.

आता मूळ अर्ध्या बँडकडे. पत्राचं वजन एक, निबंधाचं दोन, असा हिशोब आम्ही शिक्षक मांडतो. वरच्या विद्यार्थ्याला निबंधात चार निकषांवर 7, 7, 7 आणि 6 मिळाले असं धरा, सरासरी पावणेसात. पहिल्या पत्राचे साडेसहा धरले तर एकूण येतात 6.67, आणि जवळच्या अर्ध्यावर आणले की साडेसहा. दुसऱ्या पत्राला पहिल्या निकषावर 7 मिळून पत्राची सरासरी 7 झाली, तर एकूण येतात 6.83, आणि ते 7 होतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे काठावरचं गणित आहे. निबंधच साडेपाचचा असेल, तर पत्राने कुणीही तरत नाही. पण साडेसहावर अडकलेले बहुतेक जण या काठावरच उभे असतात.

घरी सराव करताना पत्र कुणाकडून तरी तपासून घ्या, पण एक अट घाला. तपासणाऱ्याला प्रश्न दाखवू नका. फक्त पत्र द्या आणि विचारा: हे कुणाला लिहिलंय, ओळखीच्या माणसाला की अनोळखी? पहिल्या दोन वाक्यांत काय हवंय ते कळलं का? आणि त्यात मुख्य गोष्टी किती आल्या, कोणत्या? तपासणाऱ्याची उत्तरं प्रश्नपत्रिकेशी जुळली नाहीत, तर व्याकरणाच्या लाल खुणांकडे वळायच्या आधी पत्र पुन्हा लिहा. इंग्रजी बरं येणारा भाऊ किंवा वहिनीही हे काम करू शकते. त्यासाठी क्लास लागत नाही. बँडचा नेमका आकडा मात्र त्यांना विचारू नका. तो ठरवण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं, आणि आम्हा शिक्षकांचा अंदाजही अर्ध्या बँडने इकडेतिकडे होतो.

निकाल पटला नाही, तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड बदलला तर त्याची फी परत मिळते. अर्ज करण्याआधी पत्रातले तीनही मुद्दे आठवून पाहा. एखादा मुद्दा लिहायचाच राहिल्याचं आठवत असेल, तर ते पैसे पुढच्या परीक्षेच्या फीसाठी ठेवा.